चौथा खर्डा

शनिवार, रात्री

आमच्या अ‍ॅनिमेशन फिल्ममधल्या आजोबांना आवाज द्याल का, असं एका जुन्या नटाला विचारणारं पत्र अखेर लिहून झालं. हा चौथा खर्डा.

पहिले तीन मी आज सलग वाचले आणि एक गोष्ट लक्षात आली. तिन्हींमध्ये मी त्यांच्याबद्दलच लिहीत होते. तुमची भूमिका आईने पाहिली होती, तुमचा आवाज अजून कानात आहे, तुम्ही होकार दिलात तर आमचं भाग्य. सगळं खरं होतं. पण अकरा वर्षांपूर्वी रंगमंचावरून उतरलेल्या माणसाला हे वाचून काय कळणार? काम किती, कुठे यायचं, किती वेळ उभं राहायचं, मानधन आहे का, आवाजाचं पुढे काय होणार, यातलं काहीच नव्हतं. त्यांच्या मुलीने फोनवर मला एवढंच सांगितलं होतं, "बाबा मोबाइलवरचे मेसेज बघत नाहीत. कागदावर लिही, आणि स्पष्ट लिही." मी कागद तेवढा ऐकला होता.

आज 'सा. न. वि. वि.' लिहिलं आणि थेट कामावर आले. फिल्म चार मिनिटांची. मुख्य पात्र एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर आजोबा. घरात एकटे राहतात, आणि संध्याकाळ झाली की रिकाम्या खोल्यांतून फिरत तिकिटं काढतात. एकूण चौदा वाक्यं, बोलणं जेमतेम सव्वा मिनिटाचं. संहिता 18 पॉइंटच्या मोठ्या अक्षरात छापून सोबत जोडली आहे. एकही वाक्य पान उलटून पुढे जाणार नाही, अशी पानं लावली, कारण माइकला कागदाची सळसळ आवाजाइतकीच स्पष्ट ऐकू येते.

सगळ्यात जास्त वेळ एका परिच्छेदाने घेतला. अ‍ॅनिमेशनमध्ये सहसा आवाज आधी ध्वनिमुद्रित होतो आणि चित्रं त्यानंतर काढली जातात, हे त्यांना कसं सांगायचं? बऱ्याच जणांना वाटतं की पडद्यावर ओठ हलत असतात आणि आपण त्यात आवाज भरायचा. त्यांनाही तसं वाटलं, तर मनावर दडपण येईल, की आपल्याला ते वेळेत जमेल का.

म्हणून मी एकाच वाक्याचं उदाहरण दिलं. आजोबा रिकाम्या खोलीत विचारतात, "तिकीट राहिलंय का कुणाचं?" कच्च्या आवाजात मी ते वाक्य म्हटलं, त्याला दोन सेकंद लागले. आमची फिल्म सेकंदाला 24 चौकटींची, म्हणजे 48 चौकटी. आता त्यांनी 'राहिलंय का' म्हणून दीड सेकंद थांबायचं ठरवलं आणि मग हळूच 'कुणाचं' म्हटलं, तर 36 चौकटी वाढतात. आम्ही एक चित्र दोन चौकटींना वापरतो, म्हणून अठरा जास्तीची चित्रं. ती मी काढीन. त्या दीड सेकंदात आजोबांची मान कुठे वळते, हात तिकिटांच्या पेटीवरच राहतो की खाली येतो, हे मला त्यांच्या थांबण्यावरूनच कळणार आहे. पत्रात लिहिलं, "तुम्ही जिथे थांबाल तिथे आजोबा थांबतील." हे वाक्य मी खोडलं नाही.

मग आवाजाची पट्टी. हे लिहिताना हात अडखळला. आयुष्यभर शेवटच्या रांगेतल्या माणसाला ऐकू जावं म्हणून बोललेल्या नटाला 'हळू बोला' असं मी कोण सांगणार? पण इथे शेवटची रांग तोंडापासून एका वितीवर असते. नाट्यगृहाची फेक इथे लावली तर आवाज फाटतो. संगणकावर आवाजाची रेघ बघितली की लगेच कळतं, उंच टोकं कात्रीने कापल्यासारखी सपाट झालेली असतात. तसा फाटलेला आवाज नंतर नीट होत नाही. मी लिहिलं की मोठ्याने म्हणायची दोनच वाक्यं आहेत, त्यांच्या आधी आम्ही माइक लांब घेऊ आणि पातळी उतरवू, तुम्हाला मोकळेपणी म्हणता येईल. बाकीची बारा शेजारी बसलेल्या माणसाशी बोलावं तशी हवी आहेत.

त्याला जोडूनच, आवाज मुद्दाम म्हातारा करू नये, ही विनंती. कापरा सूर, खोकला, ओढलेली अक्षरं प्रेक्षागृहात दूरवर चालून जातात, पण माइकजवळ ती सोंग वाटतात. वय आम्ही चित्रात दाखवणार आहोत, पाठीच्या बाकात, हाताच्या शिरांत. आवाज त्यांचा रोजचाच हवा, वाक्य संपता संपता जसा श्वास कमी पडतो तसाच. तो श्वास आम्ही कापणार नाही, हेही लिहिलं, कारण एरवी संकलनात बरेचदा श्वास काढून टाकतात.

रविवार

जागेचा प्रश्न राहिला होता. आमची ध्वनिमुद्रणाची खोली दुसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही, आणि त्यांचे गुडघे दुखतात म्हणूनच त्यांनी नाटक सोडलं. म्हणून आम्हीच त्यांच्या घरी येतो, असं लिहिलं. पण घरी काय लागेल तेही आधीच सांगितलेलं बरं, त्या दिवशी दारात उभं राहून घरच्यांना फ्रिज बंद करायला सांगणं वाईट. पंखा बंद, फ्रिज बंद, कुकरच्या शिट्ट्या आमच्या आधी किंवा नंतर. भिंतींवर आवाज आपटू नये म्हणून मागे दोन गोधड्या टांगू, त्या आम्हीच आणू. (फ्रिज परत सुरू करायचा विसरू नये म्हणून माझा मित्र गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवतो. किल्लीशिवाय कुणी निघत नाही.) शेवटी सगळ्यांनी अर्धा मिनिट गप्प बसायचं, त्या खोलीची शांतता मुद्रित करायला. वाक्यांच्या मधल्या फटीत तीच शांतता भरावी लागते, नाहीतर प्रत्येक वाक्यानंतर आवाज एकदम बंद पडल्यासारखा वाटतो.

वेळ सकाळी दहाची सुचवली. चहा होऊन आवाज मोकळा झालेला असतो आणि जेवणानंतरचं जडपण नसतं. दीड तास, मध्ये विश्रांती.

मानधन तीन हजार. लाज वाटली तरी आकडा स्पष्ट लिहिला. आकडा लिहिला नाही की समोरच्याला विचारावं लागतं, आणि त्यांच्या वयाच्या माणसाला ते विचारणं अवघड जातं. आवाज फक्त या फिल्मसाठी, परीक्षेच्या खेळासाठी आणि महोत्सवांसाठी वापरू, इतर कशासाठीही लागला तर पुन्हा विचारू, हे वेगळ्या ओळीत लिहिलं. नकार द्यायचा असेल तर तो कसा कळवावा, तेही लिहिलं.

'लोभ असावा' लिहून सही केली. संध्याकाळी पाकीट त्यांच्या मुलीच्या हातात दिलं.

गुरुवार

दुपारी त्यांचा फोन आला. स्वतः बोलले. हो की नाही यावर आलेच नाहीत. पहिला प्रश्न, "बाळ, 'तिकीट राहिलंय का' म्हणताना हे गृहस्थ बसलेत की उभे?"

मी म्हटलं, उभे आहेत. मग ते म्हणाले, "मग आधी कुठून उठलेत? खुर्चीतून उठून आले असतील तर श्वास तसा येईल. ते मला सांग."

मला माहीत नव्हतं. माझ्या चित्रफलकात आजोबा त्या दृश्याच्या सुरुवातीपासून उभेच आहेत. उद्यापर्यंत कळवते म्हटलं. रात्री तिसऱ्या दृश्याच्या आधी एक चौकट वाढवली: खुर्ची, तिच्या हातावर टेकवलेला तळवा, आणि अर्धवट उठलेली पाठ.