चुंबकाची पेटी: दुसरीच्या वर्गासाठी अंदाजाचा कागद बदलला

शनिवारच्या शाळेत दुसरीच्या मुलांबरोबर 'चिकटतं की नाही' खेळायची पेटी आता बऱ्यापैकी जमली आहे. या वेळी वस्तूही बदलल्या आणि अंदाज लिहायचा कागदही. त्यातलं जे उपयोगी पडलं ते इथे नोंदवतोय.

आधी वस्तू. तयार संचांत खिळा, टाचणी, लाकडाचा तुकडा, खोडरबर, कापूस आणि प्लॅस्टिकचं झाकण असा ठरलेला मेळ असतो. तो दिला की मुलं पाच मिनिटांत सगळं बरोबर सांगतात आणि 'धातू असला की चिकटतं' हा समज आणखी पक्का करून घरी जातात. अंदाज चुकायची जागाच नसेल तर अंदाज लिहून घेण्यात अर्थ नाही. म्हणून लाकूड-कापूस जवळपास काढून टाकले आणि ताटलीत धातूच जास्त ठेवले. एक रुपयाचं नाणं, पाच रुपयांचं पिवळं नाणं, पूजेची तांब्याची पळी, अॅल्युमिनियमचं झाकण, खिळा, शार्पनर, दिसायला सारखे असे दोन स्टीलचे चमचे आणि एक जाडजूड कुलूप. सोबतीला लाकडी पट्टी तेवढी राहू दिली.

नाण्यांवर वर्ग हमखास अडकतो. रुपया चिकटतो, पाच रुपये चिकटत नाहीत. 1992 नंतरचा रुपया चुंबकाला ओढला जाणाऱ्या स्टेनलेस स्टीलचा आहे, तर हल्लीचं पिवळं पाचचं नाणं निकेल-पितळेचं. पेटी भरताना मात्र नाणी आधी तपासून घ्या. 2007 च्या सुमाराचं पांढरं, पातळ पाचचं नाणं स्टीलचं असल्याने चिकटतं, आणि जुनं अकरा कोनांचं दोन रुपयांचं नाणं चिकटत नाही. त्यात पाव हिस्सा निकेल असतं, पण बाकीच्या तांब्यात मिसळल्यावर निकेलचा चुंबकीय गुण उरत नाही. हे मुलांना सांगायची गरज नाही, आपल्याला माहीत असावं इतकंच.

चमच्यांची जोडी शोधायला मात्र फिरावं लागतं. भांड्यांच्या दुकानात खिशात चुंबक घेऊन जायचं आणि दुकानदाराची परवानगी घेऊन लावून बघायचं. निकेल घातलेलं स्टील साधारणपणे चिकटत नाही. निकेल न घालता नुसतं क्रोमियम घातलेलं चिकटतं. रंग-चकाकीवरून ओळखू येत नाही, आणि तेच हवं आहे. वर्गात एकीने दोन्ही चमचे हातात धरून विचारलं, "काका, दोन्ही स्टीलचेच ना?" मी म्हटलं, "हो, पण आत काय काय मिसळलंय ते वेगळं आहे." दुसरीसाठी एवढं पुरतं. मिश्रधातूचं प्रकरण तिथेच सोडायचं.

चुंबक कुठला वापरायचा याबद्दल माझं मत ठाम आहे: जुन्या स्पीकरमधून निघणारा काळा, गोल कडीसारखा फेराइट चुंबक. चकचकीत छोटे निओडिमियमचे चुंबक वर्गात नेऊ नका. असे दोन चुंबक मुलाने गिळले तर आतड्याच्या दोन बाजूंनी एकमेकांना ओढतात, मधलं आतडं दाबलं जाऊन त्याला भोकही पडू शकतं, म्हणजे सरळ शस्त्रक्रियेची वेळ. दुसरं कारण पेटीशीच संबंधित आहे. न चिकटणाऱ्या स्टीललाही वाकवताना, ठोकताना थोडं चुंबकीयपण येतं. चमच्याच्या मानेशी, कडेशी ते असतं. तगडा निओडिमियम तिथे जरासा ओढ दाखवतो आणि मुलं 'चिकटला, चिकटला' करतात. फेराइटला ती ओढ सहसा जाणवत नाही, उत्तर स्वच्छ मिळतं. फेराइटचा एक दोष सांगून ठेवतो: फरशीवर पडला की टवका उडतो. मी कडेला कापडी पट्टी चिकटवतो.

आता कागद. प्रत्येक ओळीत वस्तूचं चित्र, पुढे दोन गोल. पहिला 'मला वाटतं', दुसरा 'करून पाहिलं'. चिकटणार असेल तर गोल रंगवायचा, नसेल तर त्यात आडवी रेघ मारायची. बरोबर-फुली मुद्दाम ठेवलेली नाही. फुली म्हणजे चूक, हे मुलांच्या डोक्यात इतकं पक्कं असतं की न चिकटणाऱ्या वस्तूपुढे फुली मारताना ती कचरतात. आणि गोल नुसता रिकामा ठेवायला सांगितला तर लिहायचं राहून गेलं की मुद्दाम सोडलं, ते नंतर कळत नाही.

पेन्सिलीने अंदाज लिहून घेतला की चुंबक लावल्याबरोबर खोडरबर बाहेर येतं. सगळ्यांचे अंदाज शंभर टक्के बरोबर! त्यामुळे अंदाज निळ्या तेलखडूने, मग बाई खडू गोळा करून घेतात, आणि तोवर चुंबक पिशवीतून बाहेर काढायचा नाही. निकाल पेन्सिलीने. तेलखडू खोडून जात नाही, कागदावर दोन्ही शेजारी शेजारी राहतात. मग बाई म्हणतात, "जिथे दोन गोल वेगळे दिसतात तिथे चांदणी काढा." चांदण्या कोणाच्या जास्त यावरून चढाओढ लागते, म्हणजे चुकलेला अंदाज लपवायचं कारणच उरत नाही. पाचच्या नाण्यापुढे बहुतेक कागदांवर चांदणी असते.

तपासायची पद्धतही ठरवून द्यावी लागते. चुंबक वस्तूवर दाबून धरला तर लाकडी पट्टीही 'चिकटते'. म्हणून वस्तू बाकावर ठेवायची, चुंबक टेकवायचा आणि उचलायचा. पण कुलूप जड, चुंबकाने उचललं जात नाही, आणि मूल 'नाही' लिहून मोकळं होतं. त्यासाठी एक चुंबक दोऱ्याला टांगून ठेवला आहे. शंका आली की वस्तू त्याच्याजवळ हळूहळू न्यायची. चुंबक वस्तूकडे झुकला तर ओढ आहे. कुलपाच्या कडीकडे तो चांगला झुकतो. कुलूप पितळी घेतलंत तर अंगाकडे झुकत नाही आणि मुलांना कडी नि अंग वेगवेगळं लिहावंसं वाटतं.

शार्पनरने हाच प्रश्न आणखी ताणला. प्लॅस्टिकचा शार्पनर पात्याच्या बाजूने चिकटतो, उलटा केला की जवळजवळ नाही. एकाने दोन्ही खुणा एकाच गोलात केल्या, अर्धा रंगवला, अर्ध्यात रेघ. विचारलं तर म्हणाला, "पातं चिकटतं, बाकीचं नाही." मग कागदावर शार्पनरचं चित्र मोठं करून टाकलं: जिथे चिकटतं तो भागच रंगवा. कुलपाचंही तसंच करणार आहे.

तासाच्या शेवटी टाचण्या बाहेर काढत असाल तर सांभाळा. चुंबकाला घासून आलेली टाचणी स्वतःच थोडा वेळ चुंबक होते आणि दुसरीला उचलते. मजेचं आहे, पण त्याच ताटलीत पुन्हा तपासणी सुरू झाली तर निकालांचा गोंधळ होतो. ते मी पुढच्या तासासाठी वेगळं ठेवतो.

पुढच्या खेपेला एक ओळ वाढवतोय: ओढ्याची वाळू. आपला काळा पाषाण बेसॉल्ट, त्यात मॅग्नेटाइटचे बारीक कण असतात, आणि कोरड्या वाळूतून चुंबक फिरवला की काळी पूड लागते. चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालूनच फिरवा, नाहीतर ते कण काढता काढता नाकी नऊ येतात. मग कागदावर धरून चुंबक पिशवीतून बाहेर काढला की कण आपोआप खाली पडतात. वाळू ओली असेल तर प्रयोग फसतो, सगळीच चिकटून येते, म्हणून आदल्या दिवशी उन्हात पसरून ठेवणार आहे. कोकणातल्या मंडळींनी आपल्या किनाऱ्याची काळी वाळू लावून पाहिली असेल तर किती दाट पूड मिळते ते जरूर कळवा. मुलांच्या चित्रात वाळूचा गोल अर्धाच रंगवायला सांगावा की पूर्ण, हे त्यावरून ठरवीन.