न्यूअर्क ते मुंबई : चौदा तास, कडेची सीट

तीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो. 'पुढे सरका', 'पिशवी मांडीवर घ्या', 'रुमाल टाकून जागा धरायची नाही' हे म्हणण्यात आयुष्य गेलं. मुलाकडे न्यू जर्सीला जाऊन यायची ही माझी चौथी खेप, त्यामुळे विमानातल्या बसण्या-उठण्याचं काही नवं शिकायचं उरलं नाही अशा समजुतीत होतो. ऑक्टोबरातल्या परतीच्या प्रवासानं तो समज उतरवला.

विमान रात्री पावणेनऊला सुटणार होतं. माझी सीट उजव्या बाजूच्या तिनातली, कडेची. खिडकीशी नाशिकची एक विद्यार्थिनी आणि मधे सत्तरी ओलांडलेले एक गुजराती आजोबा.

माझा बोर्डिंग गट शेवटून दुसरा. सीटजवळ पोचलो तर वरचा कप्पा गच्च. नीट पाहिलं तर बॅगा तीनच होत्या, पण तिन्ही आडव्या पसरलेल्या, आणि उरलेल्या जागेत दोन जाकिटं आणि ड्यूटी-फ्रीची पिशवी. पूर्वी अशा वेळी मी मागच्या रांगांत जागा शोधून बॅग ठेवून यायचो. ती मोठी चूक. उतरताना सगळं विमान पुढे सरकत असतं आणि आपल्याला त्या लोंढ्यातून उलटं मागे जावं लागतं. ते जमत नाही. सगळे उतरेपर्यंत बसून राहावं लागतं. या वेळी कोणाच्या सामानाला हात न लावता एअर होस्टेसला सांगितलं. तिनं 'ही जाकिटं कोणाची?' असं मोठ्यानं विचारलं आणि ती मालकांच्या हातात दिली. मग चाकं आत करून बॅगा पुस्तकांसारख्या उभ्या लावल्या. या विमानाचे कप्पे तेवढे उंच होते. तिघींच्या जागी चार बसल्या. मात्र माझी बॅग उचलायला ती आली नाही, आणि ते बरोबरच आहे. रोज शेकडो बॅगा उचलल्या तर पाठ राहील का? जी बॅग आपल्याला डोक्यावर उचलता येत नाही, ती खाली चेक-इनला द्यावी.

कप्पे खरंच भरले की दारातच बॅग काढून घेतात आणि खाली टाकतात. म्हणून माझी गोळ्यांची डबी, पासपोर्ट, चष्मा आणि मोबाइलची पॉवर बँक एका छोट्या झोळीत असते. पॉवर बँक चेक-इनच्या सामानात चालत नाही, आणि ऐन वेळी दारात बॅग उपसत बसलं की मागची रांग तुंबते.

उड्डाणानंतर दीडेक तासानं जेवण आलं. चहाचा कप ट्रेवर ठेवला आणि पुढच्या तरुणानं एका झटक्यात सीट मागे पाडली. चहा माझ्या शर्टावर. इथं दोष कोणाचा, हा वाद मी पुष्कळ ऐकलाय. माझ्या पाठीपासून पुढच्या पाठीपर्यंत जेमतेम ३१-३२ इंच असतात, त्यातले चार-पाच इंच तो आपल्या तिकिटाचे म्हणतो आणि मीही आपल्याच तिकिटाचे म्हणतो. एसटीत एवढ्यावरून कॉलर धरलेली पाहिली आहे. मी त्याच्या खांद्याला हात लावून म्हटलं, 'जेवण होईपर्यंत सीट सरळ ठेवता का? मग खुशाल पाडा.' तो ओशाळला आणि लगेच सरळ झाला. जेवणाच्या वेळी सीट सरळ ठेवायला क्रूही सांगतात, त्यामुळे त्यानं ऐकलं नसतं तर त्यांना बोलावता आलं असतं. पण आधी आपण बोलावं. थेट क्रूकडे तक्रार गेली की माणूस हट्टाला पेटतो.

ट्रे उचलल्यावर मी माझी सीट पाडली, पण आधी मागे वळून पाहिलं. मागच्या मुलानं ट्रेवर लॅपटॉप उघडला होता. त्याच्या पडद्याची वरची कड माझ्या सीटच्या पाठीतल्या खाचेत अडकली होती. बटण दाबून धाडकन रेललो असतो तर पडदा गेला असता. त्याला सांगितलं, त्यानं लॅपटॉप मागे ओढला, मग हळूहळू निम्म्यापर्यंत पाडली. निम्मं पुरतं हो.

आजोबांचं दुखणं वेगळं होतं. त्यांना दर दीड-दोन तासांनी उठावं लागे आणि मला झोपेतून उठवायला संकोच वाटे. म्हणून ते पुढच्या सीटची पाठ धरून माझ्या गुडघ्यांवरून ओलांडायचा प्रयत्न करत. त्या ओढीनं पुढचा तरुण दचकून जागा होई. दुसऱ्या वेळी मी त्यांना म्हटलं, 'दादाजी, मनगटावर दोन टिचक्या मारा, मी उठून उभा राहतो.' गुडघे आखडून वाट देण्यापेक्षा कडेच्या माणसानं सरळ बाहेर येणं सोपं. कडेच्या बाहेरच्या हातदांड्याखाली, बिजागरीजवळ, बऱ्याच विमानांत एक लपलेली कळ असते. ती दाबली की दांडा वर होतो आणि म्हातारा माणूस न अडखळता निघतो. मधले दोन्ही दांडे मी आजोबांना देऊन टाकले. मला बाहेरचा होता, पोरीला खिडकीची भिंत.

खरी गंमत खिडकीची. न्यूअर्कहून रात्री निघून पूर्वेकडे जाताना रात्र फार लहान होते. पाच-सव्वापाच तासांतच समोर सूर्य येतो, आणि तेव्हा शरीराच्या घड्याळात रात्रीचे दोन वाजलेले असतात. पुढचे सात तास दिवस. विमान आग्नेयेकडे जात असतं, सूर्य दक्षिणेला असतो, म्हणून ऊन सगळा वेळ उजव्या खिडक्यांवर. डावीकडच्यांना याचा पत्ताही नसतो.

पोरीनं हौसेनं शेड पूर्ण वर केली. उन्हाचा पट्टा आमच्यावरून थेट मधल्या चार सीटांवर गेला आणि तिकडून कोणीतरी खेकसलं. ती हिरमुसली. 'काका, खिडकी माझी आहे ना?' होती तिचीच. शेड उघडायचा हात खिडकीवाल्याचा, हे मलाही मान्य. पण ऊन तिच्यापुरतं थांबत नव्हतं. मग शेड दोन बोटं वर ठेवली, तिनं शाल डोक्यावरून घेऊन खिडकीशी तंबू केला आणि आत बसून मनसोक्त पाहिलं. मधूनच तंबूतून आवाज, 'काका, खाली नुसते डोंगर!' समोरच्या नकाशावर तेव्हा तुर्कस्तान दिसत होतं.

मुंबई जवळ आल्यावर मात्र सगळ्यांनाच शेड उघडायला लावल्या. काही झालंच तर कोणत्या बाजूला आग आहे ते आतून दिसायला हवं, आणि बाहेरच्या उजेड-अंधाराला डोळे सरावलेले हवेत, म्हणून. सीटही त्याचसाठी सरळ करायची. मागच्याला निसटायला वाट हवी.

चाकं टेकली आणि विमान चालत असतानाच चार-पाच जण उठून कप्पे उघडू लागले. माझ्या तोंडून सवयीनं 'बसून घ्या, बसून घ्या, गाडी थांबू द्या' निघालं. गंमत म्हणजे दोघं बसलेही. दरवाजा उघडल्यावर मी आजोबांची बॅग काढून दिली, पण ते उठेनात. चौदा तासांत पाय सुजून बूट चढत नव्हते. पोरीनं वाकून त्यांच्या नाड्या पूर्ण सोडल्या, तोवर मी वाटेत उभा राहून मागच्या रांगेला थोपवून धरलं.