एक टन सालीतून पेक्टिन किती?

नागपुरात संत्र्याच्या रसाचं छोटं युनिट चालवणारे एक काका दिवाळीनंतर माझ्याकडे आले. आंबिया बहाराचा माल सुरू होता आणि मागे सालींचा ढीग लागला होता. त्या सालीतून जॅम-जेली घट्ट करणारं पेक्टिन काढायचं, त्यासाठी बँकेकडे कर्जाची फाइल द्यायची, असा बेत होता. "मॅडम, आकडा आपल्यापाशी आहे. वीस टक्के. तुम्ही फक्त त्याला धरून चार पेपर शोधून द्या."

घरबसल्या संदर्भ शोधून सारांश करून देण्याचं काम मी करते. आकडा आधी आणि पुरावा मागून, अशी मागणी आली की मी सावध होते. मी म्हटलं, आधी हा वीस आला कुठून ते बघू.

नुसतं ऑरेंज पील शोधलं तर हजारोंनी पेपर येतात आणि त्यात बहुतेक मोसंबीच्या कुळातली गोड संत्री असतात. आपला नागपुरी संत्रा वनस्पतिशास्त्रात वेगळा. म्हणून गूगल स्कॉलरवर शास्त्रीय नावाने शोधलं:

```
"Citrus reticulata" pectin peel OR albedo
```

इथे `OR` मोठ्या अक्षरांतच लिहावं लागतं. पंजाबकडच्या किन्नो संत्र्याचे पेपर फार येतात म्हणून मी `-kinnow` जोडून पाहिलं, तर दोन्ही फळांची तुलना करणारे कामाचे पेपरही गळाले, म्हणून ते काढून टाकलं. प्रबंधांसाठी शोधगंगा आणि कृषिकोश पाहिलं. कोणत्या तारखेला, कुठे, कोणते शब्द टाकले आणि किती ठेवले, हे सगळं एका वहीत. काकांनी उद्या विचारलं तर तोच शोध पुन्हा करून दाखवता आला पाहिजे.

वीस टक्क्यांचा माग काढायला आठवडा गेला. काकांकडची प्रिंट एका आढावा-लेखाची होती. त्या लेखाने दुसऱ्या आढाव्याचा दाखला दिला होता, त्याने एका जुन्या मूळ पेपरचा. तो पेपर विकतचा होता. लेखकाला ई-मेल केला, त्यांनी चार दिवसांनी पाठवला. त्यात आकडा होता, पण गोड संत्र्याचा आणि वाळवलेल्या सालीवर मोजलेला. 'वाळवलेल्या' हा शब्द पहिल्याच आढाव्यात गळून पडला होता.

सगळा हिशोब त्या एका शब्दावर फिरतो. ताज्या सालीत साधारण तीन चतुर्थांश पाणी असतं. म्हणजे एक टन ताज्या सालीतून कोरडा भाग निघेल अडीचशे किलो, आणि त्याचे वीस टक्के म्हणजे पन्नास किलो. काकांनी दोनशे धरले होते. तेव्हापासून माझ्या सारांशाच्या तक्त्यात 'कशाच्या वजनावर' हा रकाना उताऱ्याच्या रकान्याच्या आधी असतो. त्यातही मेख आहे. आम्लात उकळून अल्कोहोलने जो साका खाली बसवतात, त्यात साखर वगैरेही येते. पेक्टिन मुख्यतः ज्याचं बनलेलं असतं ते गॅलॅक्टुरॉनिक आम्ल किती, हे पेपरने दिलं नसेल तर उतारा मोठा दिसतो, पण त्यातलं खरं पेक्टिन किती ते कळत नाही. असे पेपर मी ठेवते, मात्र समोर तशी नोंद करते.

त्याच आठवड्यात फूड टेक्नॉलॉजीची एक विद्यार्थिनी आली. विषय तोच, संत्र्याची साल! "ताई, दुसरा चॅप्टर तुम्हीच लिहून द्या ना. साम्य दहा टक्क्यांच्या खाली आलं की झालं." यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही, हे खरं. पण सॉफ्टवेअर शब्द जुळवतं. दुसऱ्याने लिहिलेला नवाकोरा चॅप्टर त्याला दिसत नाही आणि तो तिचा होतही नाही. मी नाही म्हटलं. काकांची तयार फाइलही तिला दिली नाही, कारण त्या फाइलचे पैसे काकांनी मोजले होते. दोन तास बसून तिला शोधाचे शब्द कसे बदलत जायचे ते दाखवलं. शोध तिने स्वतः केला, वाचलंही तिनेच. संदर्भ सांभाळणाऱ्या झोटेरो सॉफ्टवेअरमध्ये नोंदी नीट लावून देणं तेवढं माझं.

काकांना तक्ता दिला, तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पन्नासच्या जागी शंभर टाकता येत नाही काय? बँकवाला कुठे पेपर वाचते!" मी म्हटलं, माझ्या कागदावर नाही येणार. त्यापेक्षा तुमचीच साल वाळवून तोला ना. ते पैसे देऊन, थोडे घुश्श्यातच गेले.

आठ दिवसांनी त्यांचा फोटो आला. वजनकाट्यावर स्टीलची परात, खाली लिहिलेलं: 'पाच किलो ओली साल. वाळून १ किलो १८० ग्राम.'