तुम्ही विचारलंत म्हणून: वाटीच्या तळाशी

"मोरीवर भांडी घासणाऱ्या माणसाला रस्सा करायला शिकवलं कुणी?"

सुरुवात भांड्यांनी केली, पुढचं आमच्या मुख्य आचाऱ्यांनी, वस्तादांनी.

1996 साली पुणे-बेंगळुरू रस्त्यावर, साताऱ्याच्या अलीकडच्या एका हॉटेलात मी रात्रपाळीला लागलो तेव्हा 19 वर्षांचा होतो. रात्री नऊला मोरीवर उभं राहायचं, सकाळी सहाला हात पुसायचे. कोल्हापूर-सांगलीच्या गाड्या मध्यरात्रीनंतर थांबायच्या, पण त्यातली बहुतेक माणसं चहा-वडा घेऊन निघून जायची. मटणाचं ताट मागायचे ते ट्रकवाले आणि लग्नकार्याहून परतणारी मंडळी. त्यांची ताटं आली की प्रत्येक ताटात दोन वाट्या, एक तांबड्या रश्श्याची, एक पांढऱ्याची. राख आणि काथ्या घेऊन मी त्या घासायचो. थंडीत बोटांच्या बेचक्यात चिखल्या व्हायच्या, रात्री खोबरेल लावून झोपायचो.

वाट्या घासता घासता एक गोष्ट ध्यानात यायला लागली. सगळ्या वाट्या सारख्या रिकाम्या होत नव्हत्या. काही रात्री पांढऱ्याची वाटी आतून नुसती दुधाळ असायची, पाण्याची धार पडली की स्वच्छ. काही रात्री तिच्या कडेला चिकट तेलकट वळं आणि तळाशी कणी. अशा वाटीत रस्सा अर्धा उरलेला असायचा. पुढे गिऱ्हाईक काय म्हणालं ते मला कळायचं नाही, मोरी मागच्या अंगाला होती. पण वाटी बोलायची.

दुसऱ्या हिवाळ्यात लागोपाठ तीन रात्री कणीच्या वाट्या आल्या. मी एका वाटीतली कणी दोन बोटांत चोळून पाहिली. वाळूसारखी टोचली, मोडली नाही. तेवढ्यात वस्ताद हात धुवायला आले.

"काय चोळतोयस रं?"

"वस्ताद, खसखस कच्ची राहिलीय."

त्यांनीही बोट फिरवलं. काही बोलले नाहीत. दुसऱ्या रात्रीपासून वाटणाच्या पोराने खसखस गरम पाण्यात दोन तास भिजवायला सुरुवात केली, आणि काजू-तीळ वेगळे न वाटता खसखशीबरोबर वाटू लागला. एकटी खसखस मिक्सरच्या भांड्यात कडेला उडते आणि पात्याखाली येत नाही, म्हणून ती भरड राहते. सोबत काजू असले की सगळं गोळा होऊन बारीक वाटलं जातं.

महिनाभराने परत कणी दिसली, पण ती वेगळी होती. बोटात चोळली तर मऊ, फिसकटणारी, साबणासारखी. वर तेलाचे थेंब. वस्तादांनी त्या दिवशी मला पहिल्यांदा भट्टीजवळ बोलावून रश्श्याच्या पातेल्यात वाकून बघायला लावलं. रस्सा फुटला होता. नारळाचं दूध म्हणजे पाण्यात तरंगणारी चरबी. ते खळाखळा उकळलं की पाणी वेगळं आणि तेल वेगळं होतं. एकदा असं झालं की ते मागे जात नाही. ढवळून वा परत वाटून घेतलं तर घटकाभर एकजीव दिसतं, पण वाटीत गेलं की कडेला तेल पुन्हा येतंच.

आमच्या हॉटेलात हे रात्रीच का व्हायचं? रस्सा संध्याकाळी एकदाच व्हायचा. रात्री एक वाजता ट्रक आला की तोच थंड रस्सा मोठ्या आचेवर चढवला जायचा, दोनला परत, तीनला परत. तिसऱ्या वेळी तो फुटायचाच. दिवसपाळीच्या वाट्या चांगल्या यायच्या म्हणून वरच्यांना वाटायचं की पाककृती ठीक आहे, रात्रीचा आचारी हलगर्जी आहे. खरं कारण त्याच्या हातात नव्हतं, गरम करण्याच्या पद्धतीत होतं.

चार वर्षांनी वस्तादांनी मला मोरीवरून वाटणावर घेतलं, आणि मी पहिल्यांदा जे मागितलं ते हे: रात्रीसाठी दूध वेगळं ठेवू द्या. अजून ते तसंच चालतं. 5 किलो मटण आलं-लसूण-मिठावर शिजवायचं, हळद नाही, नाहीतर पांढरा पिवळट दिसतो. त्याचं जे पाणी निघतं ते अळणी. त्यातलं निम्मं तांबड्याला, निम्मं पांढऱ्याला. पांढऱ्यासाठी तुपात दालचिनी, लवंग, वेलदोडा, हिरवी मिरची, मग 100 ग्रॅम खसखस, तेवढेच काजू आणि त्याच्या निम्मे तीळ यांचं वाटण. वाटण तुपात परतून कच्चा वास गेला की अळणी घालायची आणि दहा मिनिटं उकळू द्यायची. हे सगळं उकळी सोसतं. नारळाचं दुसरं, पातळ दूधही इथंच जातं. चार नारळांचं पहिलं घट्ट दूध मात्र बाहेर, बर्फात. ट्रक आला की दोन लिटर रस्सा गरम करायचा, आच एकदम बारीक करायची, लागेल तेवढं घट्ट दूध सोडत एकाच दिशेने ढवळायचं, आणि कडेला वाफ धरली की उतरवायचं. उकळीची वाट बघायची नाही. बर्फ विरघळून गेला की दूध आंबायला लागतं, तेव्हा सकाळी उरलेलं फेकायचं. त्या नासाडीवरून मालकांशी दोन वर्षं वाद झाला. मी अजूनही म्हणतो की ती नासाडी नाही, फुटलेल्या पातेल्याची किंमत तिच्याहून जास्त आहे.

मोरीवर सगळं शिकता येत नाही, हेही सांगायला हवं. तांबड्याचं बरंचसं भांड्यावरून कळतं. कढईच्या बुडाला तपकिरी थर असला आणि गरम पाण्यात भिजवल्यावर निघाला तर कांदा-खोबरं नुसतं चिकटलेलं असतं, रस्सा चांगला असतो. काळा थर, जो उलथन्याने खरवडावा लागतो, त्या दिवशी मसाला करपलेला असतो आणि रस्सा कडवट. पण करपायच्या आधी, खोबरं खरपूस होऊन बदामी रंगावर आलं की हात कधी थांबवायचा, हे कढईशेजारी उभं राहूनच कळतं. त्याला मला दहा वर्षं लागली. वाटणावरून अळणीवर, अळणीवरून भट्टीवर दुय्यम, आणि 2015 साली वस्तादांचे गुडघे गेले तेव्हा मुख्य आचारी. मधली वर्षं सांगण्यासारखी नाहीत, एकच पातेलं रोज चढवलं.

निवृत्त झाल्यावर वस्ताद एकदाच जेवायला आले, मुलीच्या गाडीतून, रात्री बाराला. भाकरी, सुकं, दोन्ही रस्से वाढले. जेवून उठताना "ब्येस झालंय" म्हणाले. त्यांची गाडी गेल्यावर मी मोरीवर गेलो आणि त्यांचं ताट उचललं. पांढऱ्याची वाटी दुधाळ, कडा कोरड्या. तांबड्याची मात्र निम्मी भरलेली. रस्सा चाखला, मीठ बरोबर होतं, मसाला बरोबर होता. रात्रभर डोक्यातून गेलं नाही. सकाळी फोन लावला.

"वस्ताद, तांबड्यात काय कमी होतं?"

"काय न्हाई रं. डॉक्टरनं तिखट बंद केलंय. लेक समोर बसलेली."