ऑप्शन गळालेला प्रश्न

गुरुवार, रात्री. नाशिक

गंगापूर रोडचा क्लास सुटल्यावर फोन पाहिला, तर दिंडोरीहून येणाऱ्या अकरावीच्या मुलीचा मेसेज होता. पीडीएफमधून कॉपी केलेला प्रश्न: "एक चेंडू 20 m/s वेगाने सरळ वर फेकला. तो हातात परत येईपर्यंतचा वेग-काल आलेख पुढीलपैकी कोणता? (g = 10 m/s²)" खाली अ, ब, क, ड, आणि त्यांच्यापुढे काहीच नाही. ऑप्शन म्हणजे आकृत्या होत्या. कॉपी करताना मजकूर तेवढा येतो, चित्रं मागे राहतात. शेवटी तिने लिहिलं होतं, "सर, उत्तर कोणतं?"

अशा वेळी गाइडमध्ये तोच प्रश्न शोधून "क" असं कळवून टाकणारे शिक्षक मी पाहिले आहेत. मला ते अजिबात पटत नाही. एका संचातला "क" दुसऱ्या संचात "अ" असतो, आणि कधी प्रश्नातला एखादाच शब्द बदललेला असतो, वेगाच्या जागी चाल विचारलेली असते. नीटमध्ये अशा चुकीच्या अक्षराचा एक गुण वजा होतो. त्याहून वाईट म्हणजे मुलीच्या हाती एका अक्षरापलीकडे काहीच लागत नाही.

म्हणून मी आधी बघतो, ऑप्शन नसताना प्रश्नात किती शिल्लक आहे. इथे जवळजवळ सगळं शिल्लक होतं. सुरुवातीचा वेग आहे, g आहे, कुठपर्यंतचा प्रवास तेही दिलंय. मग आलेख आपणच काढायचा आणि नंतर तो ऑप्शनमध्ये शोधायचा.

तिला लिहिलं, "ऑप्शन दिसत नाहीत, फोटो पाठव. तोवर वरची दिशा धन धरून दर सेकंदाचा वेग लिही." तिने लिहिलं: 20, 10, 0, 10, 20. आलेख व्ही अक्षरासारखा.

इथेच मला बरं वाटलं, कारण अडचण कुठे आहे ते दिसलं. चार आकृत्या समोर असत्या तर तिने एकीवर खूण केली असती आणि ती चुकली कुठे हे मला कधीच कळलं नसतं. तिने काढला तो चालीचा आलेख होता. तिला विचारलं, "तिसऱ्या सेकंदाला चेंडू कुठल्या दिशेने चाललाय?" "खाली." "मग चिन्ह?" थोड्या वेळाने दुरुस्त आकडे आले: 20, 10, 0, −10, −20. तिरकी सरळ रेषा, बरोबर 2 सेकंदांवर काल-अक्ष ओलांडणारी.

तरी एक शंका राहिलीच. "सर, सगळ्यात वर वेग शून्य, म्हणजे तिथे त्वरणही शून्य ना? मग रेषा तिथे आडवी नको का व्हायला?" हा गैरसमज फार चिवट आहे. मी तिला म्हटलं, त्या क्षणी त्वरण शून्य झालं असतं आणि तसंच राहिलं असतं, तर वेग शून्याचा बदललाच नसता. चेंडू वरच लटकला असता. तो खाली येतो, कारण वेग त्या क्षणीही सेकंदाला 10 m/s याच दराने बदलतोय. हा दर म्हणजेच रेषेचा स्लोप, −10. तो पूर्ण चार सेकंद तोच राहतो, म्हणून रेषा कुठेही वाकत नाही आणि तुटत नाही.

ऑप्शन यायच्या आधीच फसव्या आकृत्या कोणत्या असतील याचा अंदाज तिला देऊन ठेवला. व्ही असेल, तो चालीचा. उलट्या वाटीसारखा वक्र असेल, तो विस्थापनाचा. शून्यावर येऊन थांबणारी रेषा असेल, तो फक्त वर जातानाचा अर्धा प्रवास. आणि −20 पासून वर चढत +20 ला जाणारी सरळ रेषा दिसली, तर घाईने खोडायची नाही. खालची दिशा धन धरली की तीही बरोबर ठरते. दोन्ही रेषा ऑप्शनमध्ये असतील, तर प्रश्नात दिशेबद्दल काय लिहिलंय ते पाहायचं. काहीच लिहिलं नसेल, तर वरची दिशा धन धरायचा प्रघात आहे.

साडेनऊला फोटो आला. व्ही, वक्र, अर्धी रेषा आणि आपली रेषा. तिने स्वतःच "ड" लिहिलं, आणि बाकीच्या तिन्ही का नाहीत तेही.

त्याच मेसेजमध्ये दुसरा प्रश्न होता: "एकसमान वर्तुळाकार गतीबाबत पुढीलपैकी कोणते विधान अयोग्य आहे?" विधानं गायब. इथे मात्र उत्तर काढताच येत नाही, कारण अयोग्य विधानं हवी तेवढी करता येतात. तिला तसं स्पष्ट सांगितलं. मात्र पडताळायला काय लागेल ते लिहून दिलं: चाल स्थिर, वेगाची दिशा सतत बदलती, त्वरण केंद्राकडे, गतिज ऊर्जा स्थिर. ते पान मैत्रिणीकडे आहे, उद्या मिळेल म्हणाली. प्रत्येक विधान या चार गोष्टींशी ताडून मगच मला उत्तर पाठव, असं सांगितलंय.