पश्चिमेच्या काचा, उतरतं ऊन आणि मंद होणारे दिवे: माझा अनुभव

पुण्यातल्या एका ऑफिसच्या मजल्याचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा मागणी एका ओळीत मावत होती: दिवसाच्या उजेडाचा हिशेब करा, ग्लेअर म्हणजे डोळ्यांना खुपणारा उजेड तपासा आणि त्यावरून दिवे आपोआप मंद-प्रखर होतील असं करून द्या. ही तीन कामं बहुतेकदा तीन वेगवेगळे लोक तीन वेगवेगळ्या अहवालांत करतात. या मजल्यावर ती एकत्र करायला मिळाली आणि पहिल्याचा आकडा तिसऱ्यापर्यंत पोहोचताना वाटेत कसा बदलतो हे नीट पाहता आलं. ते इथे लिहिते आहे.

मजला ३० मीटर लांब, १२ मीटर खोल. काचा फक्त पश्चिमेला, खालचा काठ ०.९ मीटरवर आणि वरचा २.७ मीटरवर. मध्ये भिंती नाहीत, खिडकीला समांतर टेबलांच्या चार रांगा. काच उष्णता अडवणारी, त्यामुळे तिच्यातून जेमतेम ४० टक्के उजेड आत येतो. समोर जवळ उंच इमारत नाही.

डेलाइट फॅक्टर म्हणजे पूर्ण मळभ असताना बाहेर उघड्यावर जितका उजेड पडतो, त्याच्या किती टक्के उजेड टेबलावर पोहोचतो तो आकडा. संगणकावर मॉडेल उभं करण्याआधी मी सरासरीचं जुनं सूत्र कागदावर सोडवते, म्हणजे पुढे मॉडेलने भलतंच काही दाखवलं तर लगेच कळतं.

```
DF = (T × Aw × θ × M) / (A × (1 − R²))
   = (0.40 × 48.6 × 80 × 0.9) / (963.6 × 0.75)
   ≈ 1.9 %
```

४८.६ चौरस मीटर म्हणजे चौकटी वगळून उरलेली काच, ८० अंश म्हणजे खिडकीतून दिसणाऱ्या आकाशाचा कोन, ०.९ ही काचेवरच्या धुळीसाठी केलेली वजावट. ९६३.६ हे छत, जमीन आणि भिंती मिळून सगळ्या पृष्ठभागांचं क्षेत्रफळ, आणि R ही त्यांची सरासरी परावर्तकता, इथे ०.५ धरलेली. मॉडेलने याच्या आसपासच सरासरी दिली, पण सरासरीपेक्षा रांगांचे आकडे जास्त बोलतात: खिडकीलगतच्या रांगेत सुमारे ५ टक्के, दुसरीत २, तिसरीत ०.८ आणि चौथीत ०.४. लक्स हे उजेड मोजायचं एकक. पावसाळ्यात बाहेर १५,००० लक्स असले तर दुसऱ्या रांगेला ३०० लक्स मिळतात आणि तिसरीला १२०. आम्हाला टेबलावर ४०० लक्स हवे होते. पहिल्या दोन रांगांचे दिवे दिवसभर बरेच मंद राहतील, तिसरीचे थोडे, असं यावरून दिसतं. विजेच्या बचतीचा पहिला अंदाज क्लायंटने याच आकड्यांवरून बांधला होता.

अडचण अशी की डेलाइट फॅक्टरला दिशा कळत नाही. त्यात गृहीत धरलेलं मळभाचं आकाश डोक्यावर क्षितिजापेक्षा तिप्पट उजळ असतं आणि चारही दिशांना सारखंच. त्यामुळे हीच खिडकी उत्तरेला फिरवली तरी उत्तर १.९च येतं. पुण्यात जून ते सप्टेंबर हे गृहीतक बऱ्यापैकी जुळतं. दसरा उलटला की आकाश निवळतं आणि पश्चिमेच्या खिडकीची गोष्टच बदलते. उजेडाचा हिशेब करणाऱ्या रेडिअन्स या सॉफ्टवेअरमध्ये हा फरक एका छोट्या खुणेचा आहे:

```
gensky 12 21 16:30 -c -a 18.5 -o -73.85 -m -82.5
gensky 12 21 16:30 +s -a 18.5 -o -73.85 -m -82.5
```

पहिली ओळ मळभाची, दुसरी स्वच्छ आकाश आणि सूर्याची. पूर्वेचे रेखांश इथे ऋण लिहावे लागतात. ते धन राहिले तर सूर्य भलत्याच ठिकाणी जातो आणि चित्र मात्र छान दिसत राहतं.

२१ डिसेंबरला दुपारी साडेचारला पुण्यात सूर्य क्षितिजाच्या वर साधारण १८.५ अंशांवर असतो आणि बरोबर पश्चिमेला नसून ३४ अंश दक्षिणेकडे झुकलेला असतो. खिडकीच्या काटछेदात हा कोन २२ अंशांचा होतो. काचेचा वरचा काठ टेबलाच्या पातळीपेक्षा १.९५ मीटर उंच आहे, म्हणजे उन्हाची तिरीप टेबलाच्या उंचीवर ४.८ मीटर आत येते. पहिली रांग पूर्ण उन्हात आणि दुसरीही त्यातच. ज्या दोन रांगांवर बचतीचा सगळा भरवसा, त्याच या.

ग्लेअरसाठी डीजीपी वापरला, म्हणजे खिडकीचा उजेड माणसाला खुपण्याची शक्यता सांगणारा आकडा. विनोल्ड आणि क्रिस्टोफरसन यांनी तो २००६ मध्ये मांडला. ०.३५ च्या खाली सहसा कुणाला त्रास जाणवत नाही, ०.४० च्या पुढे तो खुपतो, ०.४५ च्या पुढे बसवत नाही. बसलेल्या माणसाच्या डोळ्याच्या उंचीवरून पूर्ण १८० अंशांचं फिशआय चित्र काढायचं आणि त्यावरून डीजीपी काढणाऱ्या `evalglare` या प्रोग्रामला द्यायचं. मूळ आराखड्यात लोक खिडकीकडे तोंड करून बसणार होते. तिथून डिसेंबरच्या दुपारी पहिल्या दोन्ही रांगांत आकडा ०.४५ च्या बराच वर गेला. टेबलं ९० अंशांत फिरवून लोकांना उत्तर-दक्षिण तोंड करून बसवलं, तेव्हा उत्तरेकडे पाहणाऱ्यांचा आकडा उतरला, कारण सूर्य त्यांच्या पाठीमागे गेला. त्यांना फक्त स्क्रीनवरच्या प्रतिबिंबाची काळजी उरली. दक्षिणेकडे पाहणाऱ्यांच्या नजरेपासून सूर्य ५६ अंशांवरच राहतो, म्हणून त्यांचा त्रास घटला पण गेला नाही. एप्रिल-मेमध्ये सूर्य वायव्येकडे मावळायला लागला की पाळी उलटते. तरीही टेबलं फिरवणं हा या प्रकल्पातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत गुणकारी बदल होता. तो फर्निचरची ऑर्डर जाण्याआधीच होऊ शकतो, म्हणून ग्लेअरचं काम लवकर करा असं मी आग्रहाने सांगते.

जागेवर तपासायला एक सोपी युक्ती आहे. डीजीपीचं सोपं रूप असं:

```
DGPs = 0.0000622 × Ev + 0.184
```

`Ev` म्हणजे डोळ्यावर उभ्या पातळीत पडणारा उजेड. लक्समीटर टेबलावर आडवा न ठेवता डोळ्याशी उभा धरायचा, नजर जिकडे असेल तिकडे तोंड करून. ३५०० लक्सच्या आसपास गेला की ०.४० ओलांडलं समजा. मात्र सूर्यबिंब किंवा त्याचं चकचकीत प्रतिबिंब नजरेत असेल तर हे सूत्र वापरू नका. ते खरा त्रास कमी दाखवतं. उलट बाजूची मर्यादाही आहे. चौथ्या रांगेतून अंधाऱ्या मजल्यापलीकडे खिडकीचा उजळ पट्टा दिसतो, माणूस डोळे बारीक करतो, पण डोळ्यावर एकूण उजेड कमी असल्याने आकडा निर्धास्त राहतो. तिथे मी आकड्यापेक्षा माणसाचं ऐकते.

खरी गाठ यापुढे आहे. ऊन डोळ्यावर आलं की माणूस पडदा खाली ओढतो आणि ऊन गेल्यावर तो वर करायला कुणी उठत नाही. साडेचारला ओढलेला पडदा दुसऱ्या दिवशी सकाळीही खालीच असतो, आणि मग दिवे दिवसभर पूर्ण जळतात. डेलाइट फॅक्टरवरून मांडलेली बचत इथे गळते. म्हणून मी वर्षभराच्या तासातासाच्या हिशेबात पडद्याचा नियम घातला: डीजीपी ०.४० वर गेला की पडदा खाली, आणि तो दिवसअखेरपर्यंत खालीच. खिडकीलगतच्या दोन रांगांची बचत पहिल्या अंदाजाच्या निम्म्याच्या आसपास आली. क्लायंटला तो आकडा आवडला नाही, पण त्याच आकड्यामुळे पडदे मोटरवर चालवायचा खर्च मंजूर झाला. पडदे सूर्याच्या स्थानावरून उतरतात आणि दिवेलागणीनंतर सगळे वर जातात, म्हणजे सकाळ मोकळ्या काचेने सुरू होते. कापड गडद रंगाचं आणि १ टक्का विणीचं, म्हणजे विणीत जेमतेम १ टक्का जागा मोकळी असलेलं घेतलं. ३ टक्क्यांच्या विणीतून उतरता सूर्य चक्क दिसतो, आणि पांढरं कापड उन्हात स्वतःच दिव्यासारखं उजळतं.

दिव्यांसाठी डाली प्रणाली होती, म्हणजे प्रत्येक दिव्याला मंद-प्रखर होण्याचा आदेश आकड्यात पाठवणारी. पहिल्या दोन रांगांचा एक गट, तिसरीचा दुसरा, चौथीचा तिसरा. छतावरचा सेन्सर खाली टेबल आणि जमिनीकडे पाहतो. कंत्राटदाराने तो फक्त रात्री जुळवला होता. काही दिवसांनी तिथले इलेक्ट्रिशियन म्हणाले, "मॅडम, रात्री अगदी बरोबर आहे हो. भर दुपारी मात्र लोक अंधार झाला म्हणतात."

दुपारी दुसऱ्या रांगेत मीटर ठेवला, २०० लक्स आले आणि दिवे तळाशी गेलेले. कारण सेन्सरच्या नजरेत आहे. रात्री दिव्यांचा उजेड टेबलावर ४०० लक्स असताना सेन्सर ४० दाखवत होता, म्हणजे प्रमाण दहास एक. दिवसाचा उजेड बाजूने येतो, खिडकीजवळची जमीन उजळते आणि सेन्सरला तीही दिसते. त्यामुळे दिवे बंद करून मोजलं तर टेबलावर २०० लक्स असतानाच सेन्सर ४० म्हणत होता. कंट्रोलरला वाटलं, काम झालं.

म्हणून दोन बिंदूंनी जुळवायचं. पहिला बिंदू रात्रीचा: सेन्सर ४०, दिवे १०० टक्के. दुसरा दिवसाचा: टेबलावर उजेड २००, म्हणजे दिव्यांकडून आणखी २०० हवेत, दिवे ५० टक्के. त्या वेळी सेन्सरला दिवसाचे ४० आणि दिव्यांचे २० मिळून ६० दिसले पाहिजेत. या दोन बिंदूंतून रेघ ओढली की ८० ला दिवे तळाशी जातात. पडताळून पाहा: टेबलावर दिवसाचेच ४०० लक्स असले तर सेन्सर ८० दाखवतो. दिवसाचं मोजमाप पडदे नेहमी असतात त्या स्थितीत आणि सेन्सरच्या नजरेत उन्हाचा कवडसा नसताना घ्यायचं, नाहीतर रेघच चुकीची येते.

आणखी एक गोष्ट त्याच वेळी सापडली. डालीची पातळी ० ते २५४ असते, पण तिचा वक्र लॉगरिदमिक आहे. इमारतीच्या सगळ्या यंत्रणा चालवणाऱ्या बीएमएसकडून येणारे ५० टक्के कुणीतरी १२७ असे भाषांतरित केले होते, आणि १२७ ला दिवा जेमतेम ३ टक्के उजेड देतो. अर्ध्या उजेडासाठी २२९ लागतात. ते दुरुस्त केलं आणि मंद होण्याचा वेग मुद्दाम कमी ठेवला, म्हणजे ढग सरकला म्हणून डोक्यावरचा दिवा हलताना दिसत नाही.

चौथ्या रांगेचा गट शेवटी दिवसाच्या उजेडाशी जोडलाच नाही. ०.४ टक्क्यांत बाहेर २०,००० लक्स असले तरी तिथे ८० पोहोचतात. तेवढ्यासाठी वेगळा सेन्सर आणि त्याची देखभाल परवडत नाही, म्हणून तिथे माणूस आहे की नाही एवढंच पाहणारा सेन्सर ठेवला.