आमटीत तिखट किती चमचे?

चिऊ,
काल रात्री तुझा मेसेज आला, "आई, आमटीत तिखट किती चमचे?", तेव्हाच फोन करणार होते, पण हे फोनवर सांगून डोक्यात राहत नाही म्हणून लिहून पाठवतेय.

आधी डब्यात कुठलं तिखट आहे ते बघ. आपल्याकडे पुण्यात ब्याडगीचं असायचं, रंगाला लालभडक पण जिभेला फारसं झोंबत नाही. तिकडे कोल्हापूरला संकेश्वरी मिरची घालत असतील तर तोच चमचा डोळ्यांतून पाणी काढेल. म्हणून रंगावर जाऊ नकोस. चिमूटभर तिखट कोमट तेलात कालवून जिभेच्या टोकाला लाव आणि जरा थांब, कारण तिखट मागून चढतं. सासूबाईंच्या बरणीतला कांदा-लसूण मसाला असेल तर त्यात मीठ बहुतेक आधीच असतं, तेव्हा वरचं मीठ हात राखूनच घाल.

आता आमटी. चौघांना वाटीभर तूरडाळ बास. ती घोटून, पाणी घालून हवी तेवढी पातळ कर, आणि मीठ पहिल्यांदा चहाचा एक सपाट चमचाच घाल, कारण उकळून आटली की तेच मीठ जास्त लागतं. तिखट, मग आमसूल, मग गूळ, आणि दोन उकळ्या आल्या की चव बघ. पण कढत चाखायची नाही हं, जीभ भाजली की सगळंच अळणी लागतं, पळीतलं थोडं तळहातावर घे, फुंकर मार आणि मग चाट. काहीतरी कमी आहे असं वाटलं की सगळ्यांचा हात आधी मिठाकडे जातो, पण बऱ्याचदा कमी असतं ते आंबट! अजून एक आमसूल टाकून पाच मिनिटं उकळ, मग मिठाचं ठरव.

तिखट जास्त झालं तर नुसतं पाणी ओतू नकोस, आमटी पांचट होते आणि घशात जाळ तसाच. ओलं खोबरं वाटून लाव नाहीतर वाढताना वर तूप घाल. खारट झाली तर बटाटा टाका म्हणतात, माझा त्यावर काडीचा विश्वास नाही, तो मिठाचं पाणी पितो पण उरलेलं तेवढंच खारट राहतं. थोडी बिनमिठाची डाळ शिजवून मिसळ.

राहता राहिला नैवेद्याचा स्वयंपाक. तिथे चाखायची सोयच नाही. त्या दिवशी नेहमीचंच पातेलं आणि मिठाचा नेहमीचाच चमचा घे, नवीन भांडं काढायच्या फंदात पडू नकोस. मीठ घातलं की नाही हा घोळ नको म्हणून मी सगळ्या पदार्थांचं मीठ आधीच वाट्यांमध्ये काढून ओट्यावर ठेवते, वाटी रिकामी दिसली की समजायचं पडलं. सासूबाईंची पद्धत वेगळी असेल तर तीच धर बाई, आणि मलापण कळव.

आई